लाखेचा पांगुळगाडा

कुणाच्या घरी लाकडी खेळणं दिसलं की मला राहवत नाही. गप्पा मारता मारता मी ते उचलते, चाक फिरवून बघते, नखाने खरवडते आणि सरळ नाकाला लावते. यजमानीणबाई चहाचा ट्रे घेऊन येतात तेव्हा मी त्यांच्या शोकेसमधला हत्ती हुंगत बसलेली असते. माझी मुलगी अशा वेळी डोळे वटारते. तिच्या मते मी कस्टमची माणूस व्हायला हवी होते.

हे वेड माझ्यात आलं दोन घरांतून. एक उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं आमचं घर आणि दुसरं सावंतवाडीचं माझं आजोळ. कॅम्प चारमध्ये आम्ही राहायचो त्या खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात वडिलांचं पॉलिशचं काम चालायचं. आजूबाजूला सगळे सिंधी फर्निचरवाले. त्यांच्या खुर्च्या, कपाटं, पलंग आमच्याकडे कोरडे ठक्क यायचे आणि आरशासारखे होऊन जायचे. दाराशीच एका बरणीत स्पिरिटमध्ये चपडा भिजत ठेवलेला असे. चपडा म्हणजे लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे पापुद्रे. आई म्हणायची, या घरात देवासमोरच्या उदबत्तीलासुद्धा पॉलिशचा वास येतो. ते खरंच होतं. शाळेत माझ्या दप्तरालाही तो वास यायचा आणि मला त्याची लाज वाटायची. आता फर्निचरच्या दुकानात कुठे तो वास आला, तर मी मुद्दाम चार मिनिटं जास्त थांबते.

मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. आजोबांच्या घराच्या मागच्या गल्लीत खेळणी करणाऱ्यांची घरं होती. त्यातल्या एका कातकाम करणाऱ्या मामांच्या पडवीत मी सकाळपासून ठाण मांडून बसायची. ते सख्खे मामा नव्हते, पण आजोळच्या गावातला प्रत्येक पुरुष मामाच असतो. लाकडाचा तुकडा लेथवर गरगर फिरायला लागला की त्यांची पटाशी त्याला टेकायची आणि भुसा उडत उडत त्यातून लाटणं निघायचं, भोवरा निघायचा, फुलपात्र निघायचं. मग ते लाखेची रंगीत कांडी हातात घ्यायचे आणि फिरत्या लाकडावर दाबून धरायचे. घासून घासून लाकूड तापायचं, लाख मऊ व्हायची आणि रंग लाकडाला असा चिकटत जायचा, जणू तो आतूनच वर येतोय. शेवटी केवड्याच्या पानाची पट्टी घेऊन ते तो रंग सारखा करायचे. पान फिरलं की लकाकी यायची. मी दरवर्षी ते बघायची आणि दरवर्षी माझ्या तोंडून तोच "आई गं" निघायचा.

आमच्या आजोळची एक पद्धत होती. लेकीचं पहिलं मूल धरून धरून उभं राहायला लागलं, की आजोबा त्याच्यासाठी पांगुळगाडा करवून घ्यायचे. तीन लाकडी चाकं आणि समोर धरायला दांडा. मुलानं दांडा धरायचा, गाडा ढकलायचा आणि पडत झडत चालायला शिकायचं. मी माझ्या आईचं पहिलं अपत्य नाही, दादा आहे. म्हणजे गाडा दादाचा. पण त्याच्यावरच मी चालले आणि त्याच्यावरच पुढे माझी मुलगी चालली. लग्नानंतर मी बदलापूरला मांजर्लीत राहायला आले तेव्हा दादाने तो मला देऊन टाकला. "तुझ्याकडेच शोभतो," म्हणाला. खरं म्हणजे वहिनीला त्याची अडचण होत होती.

तो गाडा पुरात गेला. मांजर्लीत राहायचं म्हणजे उल्हास नदी कधी ना कधी घरी पाहुणी येणारच. त्या वर्षी ती आमच्या तळमजल्यावर आली आणि सोफा, पीठ, फोटोंचे आल्बम, सगळं चिखलात घालून गेली. सोफ्याचं मला काही वाटलं नाही. पांगुळगाडा मात्र चिखल उपसल्यावरही सापडला नाही. कुणाच्या कुंपणात अडकला असेल म्हणून मी गल्लीभर शोधत फिरले. नवरा म्हणाला, अगं माणसं वाचली हे बघ. बघितलं की! पण म्हणून गाड्यासाठी रडायचं नाही असं कुठे आहे?

आता माझी नात भिंतीला धरून उभी राहायला लागली. मुलगी आणि जावई पालेगावात नव्या टॉवरमध्ये राहतात. तिथे परवापर्यंत भाताची खाचरं होती. आता गेटवर आपला फोटो काढतात, मगच आत सोडतात. नातीच्या उभं राहण्याचा व्हिडिओ मुलीने पाठवला तेव्हाच मी तिला फोन करून सांगितलं, "गाडा आजोळहून येणार. म्हणजे माझ्याकडून. तू काही घेऊ नकोस."

"आई, मी ऑर्डर केलाय," ती म्हणाली. "हॅन्डमेड आहे. पारंपरिक लाखकाम असं लिहिलंय. रिव्ह्यूपण मस्त आहेत."

रविवारी मी पालेगावला गेले तर तो येऊन बसला होता. लाल, पिवळा, हिरवा, झकपक. मुलगी हौसेने म्हणाली, "बघ, सेम आपल्यासारखा." मी तो उचलला आणि सवयीप्रमाणे कामाला लागले. चाकाच्या भोकात आतपर्यंत रंग शिरलेला. म्हणजे रंग फवारलेला, कारण लेथवर चढवलेली लाख भोकात शिरत नाही. रंग असा जाड की खाली लाकडाची एक रेष दिसेल तर शपथ. लाख पारदर्शक असते, तिच्याखालून लाकूड बोलतं. एका चाकाची कड मी नखाने उचलली तर रंगाचा पापुद्राच निघाला आणि आत लाकूड नव्हतंच, दाबलेला भुसा होता. बाजूच्या पट्ट्या तर चक्क चौकोनी आणि त्याही तशाच गुळगुळीत रंगवलेल्या. चौकोन लेथवर फिरणार कसा? वास तर नवीन रंगवलेल्या गेटचा.

"हे बाहेरून आलेलं आहे," मी म्हणाले. "कंटेनरमधून. आपल्या इकडच्या कारागिराचा हात याला लागलेला नाही."

"तुला सगळंच खोटं दिसतं," मुलगी म्हणाली. मग तिने खोक्यावरचा शिक्का दाखवला. "सर्टिफाइड आहे. तू आणशील त्यावर असेल का शिक्का?"

"कारागिरांच्या मालाला त्यातून सूट असते."

"म्हणजे नसेल."

जावई हसू दाबत आत निघून गेले. नात मधे बसून त्या गाड्याचा निघालेला पापुद्रा तोंडात घालायला बघत होती. तो मुलीने झडप घालून काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू तो मीच तिथे ठेवला होता. बरं, काढला मीच होता म्हणा.

मी मनाशी ठरवलं, खरा गाडा आणायचा. हट्ट तर होताच. पण आत आणखी काही होतं, ते स्वतःशी कबूल करायला मला वेळ लागला. मुलगी आता मला काहीच विचारत नाही. ताप आला तर डॉक्टरला मेसेज, खिमटी कशी करायची तर व्हिडिओ. माझ्याकडे जे आहे ते सगळं जुनं, आणि जुनं म्हणजे घाण, असं तिच्या घरात गेलं की मला वाटायला लागतं. लाकूड आणि लाख ही एक गोष्ट तरी अशी होती, जिच्यात माझा शब्द चालायला हवा होता. या घरात माझ्या नजरेवर कुणाचा तरी विश्वास बसायला हवा होता.

आधी मी अंबरनाथला एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं तिथे गेले. स्टॉलवरचा तरुण भलताच गोड बोलणारा. कर्नाटकातल्या चन्नपटणाची खेळणी म्हणाला, आणि काही खरंच होती. चिमुकले भोवरे, खुळखुळे, लाख अशी नितळ की बघत राहावं. पण त्यांच्याच शेजारी त्याने लाकडी ठोकळ्यांचे डबे आणि रंगीत बदकं मांडली होती आणि तीही चन्नपटणाचीच म्हणत होता. मी दोन बदकं उचलून शेजारी शेजारी धरली. डोळे, चोच, पट्टा, सगळं अगदी एकसारखं, छापल्यासारखं. हाताने रंगवलेली दोन बदकं कधी सारखी दिसतात का? सख्ख्या जुळ्या बहिणींचंही नाक वेगळं असतं. मी म्हटलं, "हे कुठलं?" तो म्हणाला, "मॅडम, सब एक ही जगह का है." पांगुळगाडा त्याच्याकडे नव्हताच. मी एक खुळखुळा घेतला आणि निघाले.

मग मला कॅम्प चारमधले चाचा आठवले. माझ्या वडिलांच्या ओळखीचे सिंधी दुकानदार. पूर्वी नुसती खेळणी विकायचे, आता भेटवस्तू, फुगे, मेणबत्त्या, सगळंच. मी लहान असताना वडिलांनी त्यांच्या गल्ल्याचं टेबल पॉलिश केलं होतं. ते अजून तसंच आहे. मी दुकानात शिरले तर त्यांनी आधी मला बसवलं, थम्सअप मागवलं आणि मग विचारलं, "बोल बेटी, क्या ढूंढ रही है?"

मी सांगितलं. ते हसले. "साईं, सच्ची बोलूं? आजकल जो चमकता है वोच बिकता है. लाख का माल कोण मागतंय? लोक म्हणतात कलर डल आहे."

"चाचा, तुमच्याकडे आहे की नाही ते सांगा."

"सावंतवाडी का एक खोका है. दिवाळीच्या आधी मंगाया था. माळ्यावर पडून आहे. पण बेटी, एजंटने त्यात दुसरा माल पण मिक्स केलाय. मेरेको अब समझता नहीं. डोळे गेले माझे. तू बघ."

त्यांच्या नोकराने खोका खाली उतरवला. चाचांनी दुकानाच्या मागच्या बाजूला पुठ्ठा अंथरून दिला आणि मी मांडी घालून बसले. कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. गवताच्या चुऱ्यातून एक एक वस्तू काढायची, पुसायची आणि दोन ढीग करायचे. भातुकलीतलं जातं आलं. बुडाशी मधोमध बारीक उघडा ठिपका, जिथे लेथवरून कापून सोडवलं होतं. खरं. त्याच्या मागोमाग कप आला, बुडाशीही रंगाने माखलेला. खोटा. पोळपाट आला, त्याच्या लाल आणि पिवळ्या पट्ट्यांची हद्द किंचित एकमेकींत मिसळलेली, कांडी बदलताना मिसळते तशी. खरा. एक कोयरी आली, तिच्यावर फुलं छापलेली. खोटी. खोट्यांचा ढीग खऱ्यांपेक्षा मोठा होत गेला तसं चाचांचं तोंड उतरत गेलं. "उस हलकट ने मेरेको पण फसवला," ते म्हणाले आणि त्या एजंटला सिंधीत असं काही बोलले की नोकर खोकायला लागला.

खोक्याच्या तळाशी पांगुळगाडा होता. सुटा करून बांधलेला. तीन चाकं, गोल दांडे आणि लाकडी खुंट्या. एकही स्क्रू नाही. मी दांडा हातात घेतला. लाल रंगाखाली लाकडाच्या रेषा दिसत होत्या, आणि बोट फिरवलं तर पटाशीच्या बारीक वर्तुळांचा खरखरीतपणा लागत होता, लागे न लागे असा. मी तळव्याने तो जोरजोरात चोळला आणि हुंगला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला मी काय करू? चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि नोकराला सांगितलं, पॅक कर, नीट पॅक कर.

मी गाडा घेऊन तडक पालेगावला गेले. खुंट्या ठोकून जोडला. नात तो बघून आनंदाने किंचाळली, दांड्याला दोन्ही हातांनी लटकली आणि पहिल्याच झटक्यात तोंड लावलं. मी जिंकल्यासारखी बसले होते. मुलगी म्हणाली, "थांब थांब, आधी पुसू दे." तिने कपाटावरून सॅनिटायझरची बाटली घेतली, कापसावर भरपूर ओतलं आणि दांडा खसखसा पुसला.

कापूस लालभडक झाला.

दांड्याचा तेवढा भाग फिका आणि चिकट पडला. आम्ही दोघी त्या कापसाकडे बघत राहिलो. मग मुलीने नातीला उचललं, तिचं तोंड उघडून जीभ बघितली आणि जिभेवरून ओला रुमाल फिरवायला लागली. नात रडायला लागली. "आई, रंग जातोय!" मुलगी ओरडली. "माझ्या मुलीच्या तोंडात गेलाय तो! त्या गाड्याचा गेला असता का असा? कळत नसेल तर कशाला आणायचं? नुसता आपला हट्ट!"

इतक्या वर्षांची माझी नजर, माझं नाक, माझी नखं, सगळी फसली होती असं मला त्या क्षणी वाटलं. खोका, गवत, लाकडी खुंट्या, सगळं एजंटने खरं वापरलं आणि वर भलताच रंग फासला, असं झालं असेल का? मी गाडा परत सुटा केला, पिशवीत भरला. येताना आधीच्या गाड्याचं ते पापुद्रा निघालेलं चाकही मागून घेतलं. मुलगी म्हणाली, "ने, सगळंच ने." रिक्षात मी तोंड फिरवून बसले होते. नवऱ्याने घरी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून पिशवी हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उघडली. मुलीने तो लाल कापूस पुरावा म्हणून त्यात टाकला होता. मी तो फेकायला उचलला आणि माझ्याच नकळत नाकाला लावला. सॅनिटायझर उडून गेलं होतं, पण एक हलकासा वास उरला होता. मी उभी होते तिथेच बसले. तो आमच्या कॅम्प चारच्या खोलीचा वास होता. स्पिरिटमध्ये भिजलेल्या चपड्याचा.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विरघळणारच! माझ्या वडिलांचा सगळा संसार त्या एका गोष्टीवर चालला होता आणि मी ती कापूस लाल झाल्याबरोबर विसरले होते. सॅनिटायझर म्हणजे तरी दुसरं काय? आपण हात पुसतो त्या बाटलीत लाखेचा कर्दनकाळ बसलेला असतो. फवारलेला रंग मात्र त्याला दाद देत नाही. म्हणजे माझ्या मुलीने जी परीक्षा घेतली होती, तिच्यात खरा नापास होतो आणि खोटा पहिला येतो.

तरी मी स्वतःवर लगेच विश्वास ठेवला नाही. खोक्यातून मी एक भातुकलीचा चमचाही आणला होता, तो मी वाटीभर पाण्यात टाकून ठेवला. संध्याकाळी काढला तर लाख जरा पांढुरकी पडली होती, ओलाव्याने पडतेच, पण पाणी स्वच्छ. पांढरा रुमाल ओला करून घासला, रुमाल पांढराच. मग तोच चमचा कोरडा करून सॅनिटायझरने पुसला, लगेच रंग. शेवटी ते खोटं चाक घासलं. हात दुखेपर्यंत घासलं. त्याला काही म्हणजे काही झालं नाही. मी दादाला फोन केला. तो अजून कॅम्प चारमध्येच आहे, पॉलिशचंच काम करतो, पण हल्ली मशिनने फवारतो. सगळं ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं येडे, लाख स्पिरिटला नाय विरघळणार तर काय बिसलेरीला विरघळणार? बाबा वरून बघत असतील तर कपाळावर हात मारला असेल त्यांनी."

सुटा गाडा, चमचा आणि ते खोटं चाक घेऊन मी पुन्हा पालेगावला गेले. या वेळी भांडायला नाही गेले, निदान तसं ठरवून तरी गेले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी दोन वाट्या मांडल्या, एकीत पाणी, एकीत सॅनिटायझर. मुलगी हाताची घडी घालून उभी होती. मी सगळं तिच्यासमोर करून दाखवलं आणि वडिलांच्या बरणीबद्दल सांगितलं. तिला तिच्या आजोबांचं काम पॉलिशचं होतं एवढंच माहीत होतं. चपडा हा शब्दही तिने ऐकला नव्हता. तिने स्वतः दोन्ही कापूस घासून बघितले.

"ठीक आहे," ती म्हणाली. "लाख खरी आहे, हे पटलं. पण आई, लाखेत मिसळलेला रंग कुठला आहे, हे तुला माहितीये? तेही तू हुंगून सांगणार?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. आजोळच्या पडवीत बसून मी हजारदा कांडी फिरताना बघितली, पण त्या कांडीत काय घालतात हे कधी विचारलं नव्हतं. "नाही माहीत," मी म्हणाले. "विचारूया."

चाचांना फोन करून मी त्यांच्याकडून कारागिराचा नंबर मिळवला. फोन मुलीने लावला, स्पीकरवर. पलीकडून लेथचा आवाज येत होता, तो बंद झाला. बोलणारा तरुण होता. मुलीने एखाद्या डॉक्टरची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारले. तो न चिडता उत्तरं देत गेला. पिवळ्यात हळद घालतो, म्हणाला. लाल-हिरव्याला बाजारातला रंग, लहान मुलांच्या मालाला चालणारा घेतो, पण तो दुसऱ्याने बनवलेला, त्याबद्दल दुकानदार सांगतो तेवढंच मला माहीत. "ताई, खोटां कित्या सांगू?" तो म्हणाला. "तुमचां पोर तोंडात घालतलां, तर दांडो हळदीचो करून धाडतंय. नायतर नुसती लाख, रंग नाय. पण हळदीचो रंग उन्हात उडता हां. मगे माका फोन करून बोलू नकात."

मुलगी पहिल्यांदा हसली. "नाही बोलणार," ती म्हणाली. मग तिने मला न विचारता त्याला विचारलं, "दादा, सॅनिटायझरने पुसलं तर?"

"तर मी हयसून रडतलंय," तो म्हणाला.

नवा दांडा आला तेव्हा मी तिथे नव्हते. आमच्याकडे पाहुणे होते, मला निघता येईना. खोक्यातून काढला का, खुंट्या नीट बसल्या का, नातीने हात लावला का, मी फोनवर सारखी विचारत होते आणि मुलगी कामात होती. मला वाटलं, तिने तो कपाटावर ठेवून दिला असणार. माझं मन राखायला मागवला आणि आता शोभेला ठेवला. हे मी नवऱ्याला तीनदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, तुझा स्वतःच्या मुलीवर विश्वास नाही. मी म्हटलं, तिचा तरी कुठे आहे माझ्यावर?

दुपारी तिचा फोटो आला. नात त्यात नव्हती, नुसता दांडा होता, अगदी जवळून काढलेला. पिवळ्याजर्द लाखेत, मधोमध, दोन बारीक खळगे होते. खालच्या दोन दातांचे. नातीला तेवढेच दात आहेत.

खाली मुलीने लिहिलं होतं, "सकाळपासून चावतेय. ओल्या फडक्याने पुसलं होतं फक्त."

मी तो फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला, परत मोठा केला. पाहुण्यांना चहा हवा होता. मी स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं आणि तिथेच गॅससमोर उभी राहून मनसोक्त रडून घेतलं.